तिकिटाची तारीख पुढे नेताना एजंटला काय लिहावं

घरात कुणी गेलं आणि त्याच पंधरवड्यातलं विमानाचं तिकीट आधीच काढलेलं असलं, तर गावाला निरोप धाडल्यावर दुसरा निरोप एजंटला जायला हवा. रडारड आवरली की बघू, असं म्हणत चार दिवस जातात आणि तोवर विमान उद्यावर येऊन ठेपतं. आपल्या मुरबाड-शहापूरकडे हे प्रसंग आता नवे राहिलेले नाहीत. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची लेक मस्कतला, कुणी म्हातारा-म्हातारी काशीला निघालेली. तिकीट कल्याणच्या नाहीतर भिवंडीच्या एजंटाकडून काढलेलं असतं आणि घरात एकाच पोराच्या फोनवर ते सगळं असतं. तो पोरगा आता तू आहेस, म्हणून नीट ऐक.

एजंटला पहिला मेसेज करशील तो फक्त विचारणा करणारा असू दे. त्यात बदलायचं काय ते पूर्ण असावं, पण "बदला" हा हुकूम नसावा. "शेठ, आईचं तिकीट पुढचं करा" एवढंच लिहून लोक मोकळे होतात. मग एजंट आपल्या समजुतीने एखादी तारीख धरतो, बदलतो आणि नंतर रक्कम सांगतो. एकदा तारीख फिरली की ती मागे घ्यायची म्हणजे पुन्हा नव्याने पैसे. त्याला दोष देता येत नाही, कारण तूच "करा" म्हणालेला असतोस.

तारीख बदलण्याचे पैसे तीन ठिकाणी जातात, हे आधी समजून घे. पहिला विमान कंपनीचा बदलाचा आकार. तो ठरलेला असतो, साधारणपणे माणशी आणि जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा. बऱ्याच कंपन्यांत निघायला थोडे दिवस उरले की तो वाढतो. दुसरा भाड्यातला फरक. तू तिकीट काढलंस तेव्हा भाडं एक होतं, आज नव्या तारखेचं भाडं दुसरं आहे. आजचं जास्त असेल तर वरचे पैसे तुला भरायचे. आजचं कमी असेल तर उरलेले परत मिळतीलच असं धरून चालू नकोस. तिसरा एजंटचा स्वतःचा आकार. या तिघांपैकी तुझ्या हातात असतो तो मधला, आणि तोच बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा निघतो. त्यासाठी एक तारीख न देता दोन-तीन द्यायच्या.

एक प्रसंग धरून हिशेब करू. समज, आजोबा 6 फेब्रुवारीला वारले. आईचं दुबईचं तिकीट 12 फेब्रुवारीचं, सुनेच्या बाळंतपणासाठी. तेरावं येतं 18 तारखेला. त्याआधी तिला घर सोडता येत नाही आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच निघणंही जड, कारण पाहुणे असतात, भांडी परत करायची असतात, माणूस थकलेलं असतं. म्हणून 21, 22, 23 या तीन तारखा धरल्या. एजंटाने कळवलं की कंपनीचा आकार 3,000 रुपये आणि त्याचा स्वतःचा 300. 21 तारखेला, शनिवारी, भाड्यातला फरक 2,400 रुपये, म्हणजे एकूण 5,700. सोमवारी 23 तारखेला फरक फक्त 600, म्हणजे एकूण 3,900. दोन दिवस थांबून 1,800 रुपये वाचले. हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुझ्या तिकिटाचे वेगळे येतील. पण नुसतं "21 चं करा" लिहिलं असतं तर सोमवार कुणी सांगितलाच नसता.

आता मेसेज कसा लिहायचा ते बघ. हा मी असा लिहीन:

"नमस्कार शेठ. आईचं मुंबई-दुबई जाण्यायेण्याचं तिकीट तुमच्याकडून काढलं आहे. PNR: K7M2QX. तिकिटाचा फोटो सोबत पाठवतो.

घरात आजोबा वारले, तेरावं 18 फेब्रुवारीला आहे. म्हणून जाण्याची तारीख पुढे न्यायची आहे.

आत्ताचं जाणं: 12 फेब्रुवारी, गुरुवार, पहाटे 2.10. म्हणजे बुधवारी रात्री घर सोडायचं होतं.

नवीन जाणं: 21 फेब्रुवारी शनिवार, 22 रविवार किंवा 23 सोमवार. त्याच कंपनीचं थेट विमान हवं.

परतीचं 12 मार्च, गुरुवारचं आहे. ते तसंच राहू द्यायचं आहे, पण ते 20 मार्चच्या पुढे नेलं तर किती लागतील तेही सांगा.

प्रत्येक तारखेला एकूण किती भरावे लागतील ते कळवा. कंपनीचा आकार, भाड्यातला फरक आणि तुमचा आकार वेगळा लिहा.

मी 'हो, करा' असं लिहीपर्यंत काही बदलू नका आणि तिकीट रद्दही करू नका. आज संध्याकाळी सहापर्यंत कळवा, नाहीतर मी फोन करतो."

यात प्रत्येक ओळ का आहे ते सांगतो, म्हणजे तुला ती पाठ करावी लागणार नाही.

PNR म्हणजे बुकिंगचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर. एजंट रोज किती तिकिटं काढत असेल. तुझ्या आईच्या नावाने तो शोधत बसला तर वेळ जातो आणि आडनावं सारखी असल्याने दुसऱ्याच कुणाचं तिकीट उघडण्याची भीती असते. हा नंबर टाइप करून लिही आणि वर तिकिटाचा फोटोही जोड. O अक्षर की शून्य, I अक्षर की एक, हा घोळ फोटो बघून लगेच मिटतो. नाव मेसेजात पुन्हा इंग्रजीत लिहायच्या भानगडीत पडू नकोस. स्पेलिंग चुकलं तर नावात दुरुस्ती हवी आहे की काय, अशी शंका एजंटला येते. फोटोत आहे तेवढं पुरे.

व्हॉइस मेसेज करू नकोस. डोळखांब-टोकावड्याच्या आतल्या बाजूला रेंज येत-जात असते, आवाज अर्धा पोचतो. पोचला तरी एजंटाला तो पुन्हा पुन्हा ऐकून नंबर उतरवावा लागतो. आणि उद्या काही वाद झाला तर लिहिलेली तारीख दाखवता येते, बोललेली दाखवायला जड जाते. मेसेज गेल्यावर दुसरी टिक आली का बघ. एकच टिक असेल तर तो त्याला मिळालेलाच नाही. एकही टिक नसेल तर घराच्या मागच्या टेकाडावर जा, एकच असेल तर सरळ फोन लाव, पण "मी पाठवलाय" या समाधानात झोपू नकोस.

वार लिहिण्याचा आग्रह मी का धरतो? तारीख चुकली की वार जुळत नाही, आणि वाचणाऱ्याला चूक तिथेच दिसते. "12/2" असं तर कधीच लिहू नकोस, महिन्याचं नाव अक्षरात लिही. आखाताकडची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि सगळ्यांत जास्त घोटाळा तिथेच होतो. आपण म्हणतो "बुधवार रात्रीचं विमान", तिकिटावर असतो गुरुवार. नव्या तारखेला तू "23 च्या रात्री" म्हणालास आणि विमान पहाटे दोनचं असलं, तर तुझ्या मनातलं विमान तिकिटावर 24 तारखेचं असतं. म्हणून विमान सुटण्याची तारीख आणि घर सोडण्याची रात्र, दोन्ही लिहायच्या. हीच काळजी ज्या जीपवाल्याला सांगायचं त्याच्याही बाबतीत घे. मुरबाडला रेल्वे नाही, रात्री कल्याणपर्यंत जायचं म्हणजे गाडी ठरवावी लागते, आणि गाडीवाल्याला तारीख सांगताना हाच गोंधळ पुन्हा होतो. आसनगाव-खर्डीकडच्यांना लोकल असली तरी सामान आणि म्हातारं माणूस घेऊन मध्यरात्रीच्या विमानाला तेही गाडीनेच जातात.

परतीची ओळ सर्वांत महत्त्वाची. जाण्यायेण्याचं तिकीट एकत्र काढलेलं असतं तेव्हा बऱ्याच कंपन्या ते एकच प्रवास धरतात. जाण्याच्या विमानात माणूस न कळवता बसला नाही, तर तिथे परतीचं आपोआप रद्द होतं. आपल्या तालुक्यातल्या एका घरात असं घडलेलं मला ठाऊक आहे. तारीख बदलायला पैसे जास्त सांगितले म्हणून त्यांनी एजंटाला काही न बोलता दुसऱ्या कंपनीचं जाण्याचं नवीन तिकीट घेतलं. माणूस आरामात पोचला. महिन्याने परत यायला विमानतळावर गेला तर त्याच्या नावाचं तिकीटच उरलेलं नव्हतं. तेव्हा नवीन तिकीट स्वस्त दिसलं तरी आधी विचार: "जाणं सोडलं तर परतीचं जिवंत राहील का?" तिकीट एकेरी असेल तर मात्र ही तुलना जरूर कर. बदलाचा आकार आणि फरक मिळून नव्या तिकिटाच्या जवळपास जात असतील, तर जुनं वेळेत रद्द करून किती परत येतात ते विचारून मग ठरव.

"रद्द करू नका" हे वेगळं लिहावं लागतं, कारण काही एजंट सोपा मार्ग म्हणून जुनं रद्द करून नवीन काढतात. रद्द करण्याचा आकार बदलाच्या आकारापेक्षा बहुधा जास्त असतो, आणि परत येणारे पैसे आधी एजंटच्या खात्यात जातात, मग तुझ्याकडे. कधी ते मुकाट्याने पुढच्या तिकिटात वळते होतात. हे करायचंच असेल तर त्याने आधी आकडा सांगावा आणि तू हो म्हणावंस.

कारण एका ओळीत लिही, जास्त नको. ते सहानुभूतीसाठी लिहायचं नाही. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूत किंवा माणूस इस्पितळात असताना काही कंपन्या आकारात सवलतीचा विचार करतात. त्यासाठी ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला किंवा डॉक्टरांचं पत्र मागतात. सवलत मिळेलच असं नाही, पण कारणच कळवलं नसेल तर एजंट विचारणारही नाही. दाखला लवकर काढून ठेव, तो पुढे सात-बाराला वारस लावायलाही लागतोच.

उत्तर आलं की एजंट एक गोष्ट सांगू शकतो: "हे तिकीट बदलत नाही." ते खोटं असेल असं समजू नकोस. एजंट लोक कधीकधी मोठ्या व्यापाऱ्याने आधीच घाऊक घेऊन ठेवलेल्या जागा विकतात. त्याला ते सिरीज फेअर किंवा फिक्स डिपार्चर म्हणतात. ते स्वस्त पडतं, पण त्यात तारीख बदलायची सोय बहुधा नसते आणि रद्द केलं तर फार काही परत मिळत नाही. काशीला दहा-बारा जणांचं एकत्र तिकीट निघतं, त्यालाही गटाचे वेगळे नियम लागतात. एकट्याची तारीख हलवणं तिथे अवघड असतं. हे तिकीट काढतानाच विचारायचं असतं. घरात कुणी फार आजारी असेल, सुनेची तारीख जवळ असेल, तर पाचशे-हजार जास्त देऊन बदलता येणारं तिकीट घ्यावं, असं माझं पक्कं मत आहे.

आता पावसाळ्याचं बोलतो, कारण आपल्याकडे तारीख हलवण्याची वेळ सुतकाखालोखाल पावसाने येते. उल्हास नदी चढली की कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल पाण्याखाली जातो आणि मुरबाडचा कल्याणशी संबंध तुटतो. कसाऱ्याच्या बाजूला दरड आली की लोकल थांबते. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. त्याच उल्हासचं पाणी होतं ते. अशा दिवशी तुझं विमान असलं तर दोन गोष्टी वेगळ्या करायला शीक.

पहिली, विमान सुटणार आहे पण तू पोचू शकत नाहीस. ही कंपनीची चूक धरली जात नाही. तेव्हा विमान सुटण्याच्या काही तास आधीच तारीख बदललेली असायला हवी. किती तास ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ते तिकिटाखालच्या बारीक अक्षरात असतं, आणि आधीच विचारून ठेवावं. वेळ निघून गेली की तिकिटावर "नो-शो" लागतं, म्हणजे माणूस आलाच नाही. मग भाडं बहुधा बुडतं. तेव्हाही विमानतळाचे आकार आणि कर परत मागता येतात, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात ते आहे, पण ते कुणी आपणहून आणून देत नाही. तिकिटावर भाडं आणि कर वेगळे छापलेले असतात, ते बघून एजंटाला लेखी माग. पाऊस बघून मेसेज करायचा तर पूल बुडायची वाट बघू नकोस. आदल्या रात्री पाणी चढताना दिसलं तर तेव्हाच विचारणा कर, किंवा आदल्या दिवशीच कल्याणला नातेवाइकाकडे जाऊन राहा.

दुसरी, पावसामुळे कंपनीनेच विमान रद्द केलं. तेव्हा घाईने "माझी तारीख बदला" असं लिहायचं नाही. तू मागितलंस तर तो तुझा बदल होतो आणि पैसे लागू शकतात. कंपनीने रद्द केलं असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांपैकी एक तुला मिळायला हवं. कंपनीचा रद्द झाल्याचा मेसेज येऊ दे, त्याचा फोटो एजंटाला पाठव आणि लिही: "कंपनीने विमान रद्द केलं आहे. जादा पैसे न भरता अमुक तारखेचं विमान मिळवून द्या." कंपनीने विमानाची वेळ बरीच पुढेमागे केली असेल तरी आधी हेच विचार. म्हणून तिकीट काढताना एजंटाने स्वतःचा नंबर टाकला नाही ना, हे बघत जा. तसं असेल तर कंपनीचे मेसेज त्याच्याकडे जातात आणि तू रायत्याच्या पुलाशी अडकून बसतोस.

एजंट रात्री दुकान बंद करून गेला आणि विमान पहाटे असलं, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन कर. काही वेळा ते "एजंटकडूनच करा" म्हणतात, काही वेळा करून देतात. त्यांनी केलं तर लगेच एजंटाला कळव, नाहीतर सकाळी तो उठून पुन्हा बदलायला जाईल.

रक्कम पटली की दुसरा मेसेज छोटा: "हो, करा. 23 फेब्रुवारी, सोमवार, पहाटे 2.10 चं विमान. एकूण 3,900 रुपये. परतीचं 12 मार्च तसंच." हे त्याच्या उत्तरालाच जोडून पाठव. आणि उशीर लावू नकोस. सकाळी सांगितलेलं भाडं संध्याकाळी तेच राहील याची हमी तो देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी हो म्हणायचं झालं तर आधी पुन्हा आकडा विचार.

मग नवीन तिकीट येईल. "झालं" एवढ्यावर समाधान मानू नकोस, तिकिटाचा नवा कागद माग आणि आईला शेजारी बसवून वाच. तारीख, वार, वेळ, परतीची तारीख. मग विमानतळ. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत; नवी मुंबईचं 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालं. तारीख बदलताना, विशेषतः देशातल्या प्रवासात, विमान दुसऱ्या विमानतळावरचं निघू शकतं. तिकिटावर BOM असेल तर जुनं, NMI असेल तर नवी मुंबई. BOM असेल तर टर्मिनल कुठलं तेही बघ. शहापूरहून भिवंडीमार्गे जुन्या विमानतळाला जाणारी गाडी आणि मुरबाडहून कल्याण-शीळफाटा धरून नव्यासाठी पनवेलकडे उतरणारी गाडी, दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

आईसाठी चाकाची खुर्ची सांगितली असेल, जास्तीचं सामान किंवा जेवण आधी विकत घेतलं असेल, तर ते नव्या तारखेवर आलंय का हे वेगळं विचार. या गोष्टी मागच्या विमानावरच राहून जातात. वेब चेक-इन करून ठेवलं असलं तर ते आधी काढावं लागू शकतं, तेही पहिल्याच मेसेजात लिहायला हवं. व्हिसा काढ आणि त्यावर कुठल्या तारखेपर्यंत प्रवेश करायचा आहे ते बघ. नवी तारीख त्याच्या आत हवी. परतीचं पुढे नेलं असेल तर किती दिवस राहता येतं तेही मोज.

तारीख बदलली तरी PNR पुष्कळदा तोच राहतो. त्यामुळे फोनमध्ये दोन तिकिटं एकाच नंबराची दिसतात आणि विमानतळाच्या दारावर घाईत जुनंच उघडलं जातं. आईच्या फोनमधलं, दुबईला मुलाला पाठवलेलं आणि कपाटातलं छापील, तिन्ही ठिकाणचं जुनं तिकीट काढून टाक आणि नवं दे. मुलाला मेसेज करताना तिथे पोचण्याची तारीख आणि तिथली वेळ लिही. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, आणि तो कामावरून सुट्टी काढून आईला घ्यायला येणार असतो.